सही करण्याआधी: टेंपोतून आलेला मासा, पेटी आणि तारीख

प्रश्न: मालवणजवळ माझी खानावळ आहे, दिवसाला साठ-सत्तर ताटं जातात. बांगडे-सुरमई, चिकन, फ्रोझन कोळंबी, पनीर सगळं सकाळी टेंपोने येतं. मी हात लावून, वास घेऊन माल घेतो. पावसात टेंपो उशिरा आला की घ्यावं का परत पाठवावं तेच कळत नाही. दारात नक्की काय तपासायचं, आणि नेहमीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

उत्तर:

सुरुवात बांगड्यापासून करते, कारण नाक आणि हात यांच्या भरवशावर राहणं सगळ्यात जास्त महागात पडतं ते तिथेच.

पंधराएक वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या दक्षिणेला एका हॉटेलचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. माल उतरवून घेण्याचं कामही मीच करत असे. एप्रिलमधला दिवस होता. बांगडे दुपारी बाराच्या सुमारास आले. डोळे ठीक, वास समुद्राचा, बोटाने दाबलं तर मांस वर येत होतं. मी घेतले. दीडच्या पंगतीत अकरा जणांचा एक गट बसला आणि जेवण संपायच्या आतच त्यांच्यातल्या सहा जणांचे चेहरे लाल झाले. डोकं ठणकायला लागलं, मानेवर गांधी उठल्या, छातीत धडधड सुरू झाली. एका बाईंनी सांगितलं की मासा जिभेला झिणझिणला, जणू मिरी जास्त पडली होती. डॉक्टरांनी ॲलर्जीवरची औषधं दिली, संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की मासे साडेसहाला लिलावातून उचलले होते आणि आमच्या दारात येईपर्यंत टेंपोत ताडपत्रीखाली पडून होते. बर्फ नव्हता. वरून पाणी मारून आणले होते, म्हणून हाताला गार लागले.

तो प्रकार शिळ्या माशाने पोट बिघडण्याचा नव्हता. बांगडा, तारली, कुपा आणि सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उबेत राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले काही जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. हिस्टामाइन म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर सोडतं तेच रसायन, म्हणून लक्षणंही ॲलर्जीची दिसतात. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की हिस्टामाइन तयार व्हायला लागतं तेव्हा मासा कुजल्याचा वास यायलाच हवा असं नाही. एकदा तयार झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, डीप फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. आचाऱ्याच्या हातात ते घालवायचा कुठलाच उपाय नाही. ते अडवायची जागा एकच, मागचं दार. (असं झालेल्या गिऱ्हाइकाला पुष्कळदा वाटतं की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे, आणि तो कायमचा बांगडा सोडतो. त्याला डॉक्टरकडे पाठवताना काय खाल्लं, किती वेळात त्रास सुरू झाला, आणखी कोणाला झाला, हे लिहून द्या.)

पापलेट, बोंबील यांच्यात ही भानगड फारशी नाही. ते बिघडले तर वास येतो, मांस पिळपिळीत होतं, डोळे आत जातात, कल्ले तांबड्याचे तपकिरी होतात. तिथे तुमचं नाक आणि बोट बरंचसं काम करतं. बांगडा-सुरमईच्या बाबतीत मात्र थर्मामीटर लागतोच.

थर्मामीटर म्हणजे सुई असलेला, मांसात खुपसायचा. पिस्तुलासारखा लांबून दाखवायचा जो मिळतो तो फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आणि चकचकीत पृष्ठभागावर तेही चुकवतो. कुठली पेटी जास्त गरम वाटतेय ते पटकन शोधायला तो चालेल, पण त्याच्या आकड्यावर माल घेऊ नका, परतही पाठवू नका. सुईचा थर्मामीटर दर आठवड्याला तपासायचा. पेलाभर बारीक ठेचलेला बर्फ घ्या, त्याच्या फटी भरतील एवढंच पाणी घाला, सुई मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका. दोनेक मिनिटांत आकडा शून्यावर यायला हवा. एक अंश इकडेतिकडे चालतं. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे उकळत्या पाण्यातही तो १०० च्या आसपास यायला हवा. हीच उकळत्या पाण्याची तपासणी आंबोलीत केलीत तर आकडा दोनेक अंश कमी येईल, आणि तो दोष थर्मामीटरचा नसेल.

आता मासा मोजायचा कसा. पेटीच्या वरचा मासा मोजू नका, तो नेहमीच सगळ्यात गार असतो, कारण बर्फ वरून टाकतात. हात खाली घाला आणि तीन मासे काढा: एक वरचा, एक मधला, एक तळाच्या कोपऱ्यातला. कोपऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाहेरची ऊब आधी तिथे पोचते. सुई गुदद्वारातून किंवा कल्ल्याच्या मागून पाठीच्या जाड मांसात, मणक्याजवळ जाईल अशी घाला आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबा. दहा सेकंदांत काढून घेतलीत तर तुम्ही सुईचंच तापमान वाचलंत. दोन माशांच्या मध्ये नुसती पुसली तरी चालेल, पण मासा सोडून चिकन मोजायच्या आधी सुई धुऊन स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची.

आकडा किती हवा, याला दोन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

दूरून, बर्फात आलेला मासा असेल तर आतून ४ अंश किंवा कमी. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य असतं. ज्या माशाभोवती प्रवासभर पुरेसा बर्फ होता तो एक-दोन अंशांवरच असतो. तो आठ-नऊ अंशांवर भेटला, तर वाटेत बर्फ संपला होता हे त्यानेच सांगितलं.

त्याच पहाटे लागलेला, तुमच्याच बंदरावर लिलाव झालेला मासा असेल तर तो कधीकधी दहा-बारा अंशांवर येतो, आणि ते गैर नसतं, कारण तो अजून थंड होतोय. तिथे आकड्यासोबत घड्याळ बघायचं. जाळं कधी ओढलं, बर्फात कधी टाकला, हे विचारायचं. सागरी मासळीसाठीच्या मार्गदर्शनात, हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात जायला हवा, असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे मार्च ते मे हवा त्याच्या वरच असते. माझा नियम असा: आजचाच मासा, बर्फात असेल, सहा तासांचा हिशोब जुळत असेल, तर आतून थोडा उबदार असला तरी घेते आणि त्याच मिनिटाला बर्फात पुरते. बर्फच नसेल, किंवा सांगणाऱ्याला वेळ सांगता येत नसेल, तर बांगडा, तारली, कुपा, सुरमई नको. पापलेटाला त्या दिवशी मी जरा मोकळीक देईन, बांगड्याला नाही.

बर्फ किती हवा याचाही अंदाज ठेवा, म्हणजे पेटी उघडल्या उघडल्या कळतं. दहा किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच तीन किलोच्या वर बर्फ वितळून जातो. त्यानंतर टेंपोची ऊब आणि उन्हातला रस्ता झेलायला वेगळा बर्फ लागतो. म्हणून आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ, किलोला किलो, हा जुना हिशोब बरोबर आहे. दहा किलोच्या पेटीत वरून दोन मुठी बर्फ दिसला तर तो दाखवण्यापुरता आहे.

हे सगळं एका सकाळच्या मालावर लावून दाखवते, कारण तुमचा पावसाचा प्रश्न त्यातच आहे.

जुलै होता. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना बंदी असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर इकडे येणारी बरीचशी मासळी तिकडून बर्फाच्या गाड्यांतून येते. म्हणजे जुलैतला बांगडा आजचा असण्याची शक्यता नसल्यासारखीच. त्याला ४ अंशांचाच नियम. टेंपो साडेसहाला यायचा तो आंबा घाटात झाड पडल्यामुळे पावणेअकराला आला. ड्रायव्हर रात्रभर जागा होता, भिजलेला होता. त्याला आधी चहा दिला. पण माल उतरवायच्या आधी हौदाचं दार उघडून मी आत बघितलं, कारण एकदा सगळं फरशीवर आलं की गाडीत ते कसं बसलं होतं ते कळत नाही. चिकनचे क्रेट खाली होते, भाजी वर होती, हे बरोबर. उलटं असतं तर चिकनचं पाणी ज्या भाजीवर गळलं ती परत गेली असती.

पहिली बांगड्यांची थर्माकोलची पेटी, बारा किलो. झाकण उघडलं, वर बर्फ दिसला, पांढराशुभ्र आणि भरपूर. तोच मला खटकला. तासन्‌तास पेटीत राहिलेल्या बर्फाच्या कडा गोल होतात, खडे एकमेकांना चिकटतात, त्यात माशाचा गुलाबीपणा उतरतो. वरच्या खड्यांना मात्र धारदार कडा होत्या, बोटाला टोचत होत्या. हा बर्फ तासाभरापूर्वीच टाकलेला होता. हात खाली घातला तर तळाशी चार बोटं लालसर पाणी, पेटीचं भोक चिंधीने बंद केलेलं, आणि त्या पाण्यात खालचा थर बुडालेला. वरचा मासा ३.४ अंश, मधला ६.९, कोपऱ्यातला १०.८. तळातल्या दोन बांगड्यांची पोटं फुटलेली. वरचे मासे हातात घेतले असते तर कोणीही घेतले असते, इतके चांगले दिसत होते.

अशा वेळी मोह होतो वरचे सहा किलो ठेवून खालचे परत करायचा. बांगड्यात तसं करू नका. हिस्टामाइन सगळ्या माशांत सारखं होत नाही. एकाच पेटीत शेजारशेजारच्या दोन माशांत, एवढंच काय, एकाच माशाच्या दोन तुकड्यांतही फार फरक असू शकतो. शिवाय वरचा मासा ३.४ वर आहे तो नव्या बर्फामुळे. त्याआधी तो किती वेळ किती अंशांवर होता, हे आकडा सांगत नाही. पूर्ण पेटी परत.

चिकनचे तीन क्रेट. छातीच्या सगळ्यात जाड भागात सुई घातली: ४.१, ४.४, ३.९. मर्यादा ५ अंशांची. क्रेटच्या तळाशी थोडं पाणी, पण पिशव्या फुटलेल्या नव्हत्या आणि मांस चिकट नव्हतं. घेतलं, आणि दहा मिनिटांच्या आत चिलरमध्ये गेलं. तुम्ही गावातल्या दुकानातून सकाळी कापून घेत असाल तर ते उबदारच येणार. मग घरी आणून भांड्यात झाकून न ठेवता लगेच लहान तुकड्यांत, पसरट ट्रेमध्ये थंड करायचं, एवढंच.

मग फ्रोझन कोळंबी, एकेक किलोची दहा पाकिटं, एका खोक्यात. या मालाचा इतिहास खोक्यावर वाचता येतो. पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ होतं, आणि पुठ्ठा वाळून तिथे कडक झाला होता. म्हणजे आत पाणी झालं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. पाकीट हलवलं. सुटी गोठवलेली कोळंबी हलवली की खड्यांसारखी खडखडते. ही एकच लादी झाली होती, आणि पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचून बर्फाची पाचर तयार झाली होती. हे पाकीट वितळलं तेव्हा उभं ठेवलेलं होतं, हेही त्या पाचरीवरून कळतं. गोठलेल्या मालाचं तापमान मोजायला पाकीट फोडायची गरज नाही. दोन पाकिटं एकमेकांवर घट्ट दाबून मध्ये सुई धरायची आणि चांगली दोन-तीन मिनिटं थांबायचं. आकडा आला उणे ९.

लेबलवर उणे १८ लिहिलेलं असतं, आणि तीच मर्यादा धरायची. प्रवासात दार उघडझाप होते, त्यामुळे उणे १५ पर्यंत आलेला, दगडासारखा घट्ट, कसलीही खूण नसलेला माल मी घेते, पण चलनावर आकडा लिहून. त्याच्यावर नाही. इथे तर उणे १८ असता तरी मी परत केलं असतं, कारण वितळून पुन्हा गोठलेला माल संध्याकाळपर्यंत डीप फ्रीजमध्ये ठेवला की हवा तो आकडा दाखवतो. थर्मामीटर फक्त आत्ताचं सांगतो. वाटेत काय झालं ते पुठ्ठा आणि पाकीट सांगतात.

शेवटी पनीर, किलोची पाच पाकिटं. चवडीच्या मधल्या दोन पाकिटांमध्ये ४.८ अंश. चार पाकिटं प्लास्टिकला घट्ट चिकटलेली, एक फुगलेलं. फुगलेलं म्हणजे आत वायू झालाय, सीलमध्ये दोष असेल किंवा आधीच जिवाणू वाढलेत. ते एक परत, चार घेतली. तारीख चार दिवसांनंतरची होती.

तारखेबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर वापरायचंच नाही. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्यानंतर चव आणि दर्जा उतरेल. पनीर-दुधासारख्या मालावर पहिलीच तारीख बघायची. पण त्या तारखेच्या जवळच बारीक अक्षरांत ‘५ अंशांखाली ठेवावे’ असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख त्या वाक्यावरच उभी आहे. पाच तास घाटात १५ अंशांवर राहिलेल्या पनीरवर चार दिवसांनंतरची तारीख छापलेली असली तरी ते चार दिवस त्याचे राहिलेले नसतात. म्हणून मी तारीख सगळ्यात शेवटी बघते, आकडा आणि पाकीट पास झाल्यावर. आधी तारीख बघितली की मन निर्धास्त होतं आणि बाकीचं वरवर बघितलं जातं.

दुसरी गोष्ट, शिल्लक दिवस तुमच्या खपाशी लावून बघा. गुरुवारी आलेलं पनीर शनिवारपर्यंतचं असेल आणि तुमचा मोठा गट रविवारी असेल, तर माल चांगला असूनही तुमच्या कामाचा नाही. तारखेवर दुसरं स्टिकर लावलेलं असेल, छपाई पुसट करून वर नवी मारलेली असेल, खोक्यावर एक आणि आतल्या पाकिटावर दुसरी असेल, तर वाद न घालता परत. आणि लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे ना, तेवढं बघा. किराणा दुकानदार सुटा माल स्वतःच्या पिशवीत भरून देतो त्यावर बहुधा काहीच नसतं. त्यावर आल्या दिवसाची तारीख तुम्ही मार्करने लिहा आणि आधी आलेलं आधी वापरा. पावसात रवा-मैद्याच्या पोत्याचा तळ हाताने चाचपून बघा, ओलसर लागला तर ते आत घेऊ नका, तुमच्या बाकीच्या पोत्यांनाही बुरशी आणि किडे लागतील. डब्यांचं एकच सांगते: फुगलेला डबा नको, आणि शिवणीवर चेपलेला नको. मधोमध पोचा असेल तर तो बहुधा दिसायलाच वाईट असतो.

आता नाही म्हणण्याचं.

ड्रायव्हरशी वाद घालण्यात अर्थ नसतो. झाड त्याने पाडलेलं नव्हतं, बर्फ त्याच्या मालकाने कमी भरला होता. त्या सकाळी तो म्हणाला, “ताई, वरचे तरी ठेवा, मालक माझ्या पगारातून कापेल.” मी त्याला माशात सुई घालून आकडा दाखवला आणि म्हटलं, “दादा, हा आकडा तुमचा नाही, बर्फाचा आहे. मी फोन करते.” सुई माशात असतानाच फोटो काढला, चिंधी लावलेल्या भोकाचा एक, पुठ्ठ्यावरच्या डागाचा एक. तिन्ही फोटो त्याच्यासमोर मालकाला पाठवले आणि मग फोन केला. चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहिलं: बांगडा १२ किलो परत, तळाशी १०.८ अंश. कोळंबी १० किलो परत, वितळून गोठलेली, उणे ९. पनीर १ किलो परत, फुगलेलं. वेळ १०.५५. खाली त्याची सही, मग माझी. परत केलेल्याची रक्कम त्याच चलनावर खोडून नवी बेरीज केली. “पुढच्या बिलात बघू” म्हणून सोडलं की ते विसरलं जातं, आणि महिनाअखेरीला भांडण त्यावरूनच होतं.

सही आधी करून माल नंतर तपासणं ही सवय असेल तर ती आजच सोडा. आणि परत करायचा माल “संध्याकाळच्या गाडीत नेतो, तोवर तुमच्या फ्रीजला ठेवा” असं कोणी म्हटलं तर ठेवू नका. एकतर गर्दीच्या वेळी कोणीतरी पोऱ्या त्यातलाच मासा साफ करायला घेतो. दुसरं, तुमच्या फ्रीजमध्ये चार तास राहिलेला माल कुठे बिघडला हे मग कोणीच सांगू शकत नाही. तो टेंपोतच परत जायला हवा.

तुमचा खरा त्रास मला वाटतं हा आहे, की परत पाठवलं तर दुपारच्या ताटात काय वाढायचं. ही भीती असली की माणूस १०.८ चा आकडा बघूनही डोळेझाक करतो. मीही केली आहे. म्हणून पावसाळ्यात मी असा एक बेत कायम तयार ठेवते जो टेंपोवर अवलंबून नाही: अंडी, सुका बांगडा किंवा सुकट, कुळीथ, काळे वाटाणे, कोकम आणि नारळ घरात असतातच. त्या दिवशी फळ्यावरचं बांगड्याचं ताट खोडलं आणि अंड्याचा रस्सा, काळ्या वाटाण्याची उसळ, सुकटीची चटणी आणि सोलकढी लिहिली. दोन गिऱ्हाइकं मासा नाही म्हणून उठून गेली. बाकीची जेवली.

तपासणीला वेळ किती लागतो हे लोक नेहमी विचारतात. चार प्रकारच्या मालाला मला दहा-बारा मिनिटं लागतात, त्यातली निम्मी नुसतं सुईचा आकडा थांबायची वाट बघण्यात जातात. तेवढा वेळ काढायचा तर माल तुमच्या गर्दीच्या वेळी येता कामा नये. पुरवठादाराला साडेअकरा ते अडीच माल घेणार नाही असं स्पष्ट सांगा. उशीर झालाच तर अडीचनंतर या, पण त्याआधी रस्त्यात थांबून बर्फ भरा, आणि बर्फाचे पैसे मी देईन, असंही सांगा. बर्फाच्या दोन लाद्यांचा खर्च बारा किलो बांगड्यांपुढे काहीच नाही.

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, माल, कोणाकडून, आकडा, घेतला की परत, सही, एवढे रकाने पुरे. घेतलेल्या मालाचाही आकडा लिहा, नुसता परत केलेल्याचा नको. दोन महिन्यांनी वहीच बोलते. माझ्या वहीत दिसलं की त्या पुरवठादाराचा मासा सोमवारी हमखास सहा-सातवर येतो आणि इतर दिवशी दोन-तीनवर. मी त्याला वही दाखवली. त्याने शोध घेतला तर त्याचा बर्फवाला रविवारी कारखाना बंद ठेवायचा आणि सोमवारी पहाटे शनिवारचा उरलेला बर्फ भरला जायचा. त्याने रविवारसाठी दुसरा बर्फवाला बघितला, आणि पेट्यांच्या भोकांतल्या चिंध्या काढून गाडीत खाली पाणी धरायला ट्रे ठेवला. आजही माझा मासा त्याच्याकडूनच येतो, आणि पेटी उघडली की तो स्वतःच तळाच्या कोपऱ्यातला बांगडा काढून माझ्यापुढे धरतो.